लेन्स घालून झोपल्यावर बुबुळावर पांढरा ठिपका: खरवडणं आजच का, आणि थेंब दर तासाला का

प्रश्न: माझी धाकटी बहीण पुण्यात हॉस्टेलला असते, वय २१. शुक्रवारी रात्री कॉन्टॅक्ट लेन्स घालूनच झोपली. शनिवारी डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून थेंब आणून घातले. आज रविवारी बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, डोळा उघडवत नाही. डॉक्टर म्हणतात, बुबुळ खरवडून नमुना घ्यायचा आणि मग रात्रंदिवस दर तासाला थेंब. आधीच जखम आहे, ती खरवडली तर वाढणार नाही का? दोन दिवस थेंब घालून बघितलं आणि फरक नाही पडला तर खरवडलं, असं चालेल का?

उत्तर: नाही चालणार. आजच खरवडू द्या आणि आजच थेंब सुरू करा. खरवडल्याने जखम वाढत नाही. वाट बघण्याने मात्र वाढते, आणि लेन्सच्या डोळ्यात ती किती झपाट्याने वाढते हे मी बावीस वर्षं सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात कॉर्नियाचे पेशंट पाहताना पुन्हापुन्हा पाहिलं आहे. डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे. का, ते नीट सांगते, म्हणजे आज रात्री जागताना मनात शंका राहणार नाही.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखी एक पारदर्शक काच असते, तो कॉर्निया. बोलताना आपण सगळे त्यालाच बुबुळ म्हणतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यातला वरचा दहावा हिस्सा म्हणजे त्याची त्वचा, आणि ही त्वचा अखंड आहे तोवर बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. डोळ्यात जंतू रोजच जातात. अश्रू आणि पापण्या त्यांना धुऊन काढतात. पण त्वचेला ओरखडा पडला, मग तो उसाच्या पात्याने असो, नखाने असो की लेन्सने, की दार उघडलं.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो पारदर्शक आहे. त्याला लागणारा प्राणवायू तो थेट हवेतून, अश्रूंच्या थरातून घेतो. जागेपणी लेन्स घातली तर हा पुरवठा थोडा कमी होतो. झोपेत वरून पापणीही मिटलेली असते, त्यामुळे तो फारच कमी होतो. रात्रभरात त्वचेच्या पेशी सुजतात, सैल होतात. लेन्सखालचे अश्रू साचून राहतात. त्यात लेन्सला जंतू चिकटलेले असले, तर ते धुऊन जायच्या ऐवजी सात-आठ तास त्याच जागी दाबून धरले जातात. हे जंतू येतात बहुतेक वेळा लेन्सच्या डबीतून. डबी महिनोन्‌महिने तीच असते, द्रावण बदलायच्या ऐवजी वरून थोडं ओतलेलं असतं, कधी नळाच्या पाण्याने विसळलेली असते. आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर हाताला लागतो. त्या थरात जंतू इतके सुरक्षित असतात की द्रावणालाही दाद देत नाहीत. अमेरिकेत न्यू इंग्लंड भागात केलेली एक पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. रोज रात्री काढायच्या मऊ लेन्स वापरणाऱ्या दर १०,००० जणांत वर्षाला साधारण ४ जणांना बुबुळाचा जंतुसंसर्ग झाला होता. रात्रभर ठेवायच्या लेन्स वापरणाऱ्यांत तोच आकडा २१ च्या घरात गेला.

लेन्सच्या डोळ्यात सापडणारा नेहमीचा जंतू म्हणजे स्यूडोमोनास. ओलाव्यात राहणारा, सिंकमध्ये, नळाच्या तोंडाशी, डबीत. त्याची खोड अशी की तो कॉर्नियाचा गाभा विरघळवणारी द्रव्यं सोडतो. शिवाय त्याच्याशी लढायला आलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी जी द्रव्यं ओततात त्यांनीही तोच गाभा विरघळतो. उपचार नसले तर दोन-तीन दिवसांत बुबुळ आरपार फुटू शकतं. तुम्ही जे ‘दोन दिवस बघू’ म्हणता, ते नेमके हेच दोन दिवस.

मागे माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं सांगते, कारण तिची गोष्ट तुमच्या बहिणीसारखीच आहे. वय २२, इंजिनिअरिंगला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने घरी निघाली, डबी बॅगेत आणि बॅग डिकीत, म्हणून लेन्स काढल्याच नाहीत. सकाळी डोळा टोचत होता, पाणी येत होतं. ‘डोळे आले असतील’ म्हणून मेडिकलमधून थेंब आणले. त्या बाटलीत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइडही होतं. संध्याकाळपर्यंत लाली कमी झाली, दुखणंही कमी झालं, घरच्यांना हायसं वाटलं. ते बरं वाटणं स्टेरॉइडमुळे होतं. सूज दबली होती, पण आत जंतू वाढतच होते. दुसऱ्या रात्री ठणका इतका वाढला की ती झोपू शकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर बसली तेव्हा पापणी सुजलेली, डोळ्यात हिरवट चिकट पू, आणि बुबुळाच्या मधोमध ३ मिलिमीटरचा पांढुरका व्रण. भोवतालचा भाग घासलेल्या काचेसारखा धुरकट. डोळ्याच्या आत तळाशी १ मिलिमीटर उंचीचा पूचा थर. त्या डोळ्याने तिला एक मीटरवरची बोटं कशीबशी मोजता येत होती.

तिच्या वडिलांनी मला अगदी तुमचाच प्रश्न विचारला होता, “आहे त्या जखमेला आणखी कशाला खरवडता?”

खरवडणं या शब्दानेच माणूस दचकतो, म्हणून प्रत्यक्षात काय करतो ते सांगते. पेशंट स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्राला हनुवटी टेकवून बसतो. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकतो. दोन-तीन मिनिटांत डोळा बधिर होतो, स्पर्श कळतो पण दुखत नाही. मग भिंगातून बघत, एका बोथट धातूच्या पात्याने किंवा छोट्या सर्जिकल ब्लेडने व्रणाच्या कडेवरून आणि तळावरून हलक्या हाताने मटेरियल उचलतो. कड महत्त्वाची, कारण जंतू पुढे सरकत असतात ते तिथेच. चांगल्या भागाला हात लागत नाही. व्रणावरची त्वचा तर आधीच गेलेली असते. आपण उचलतो ती मेलेली, गळलेली पेशींची साय. ती निघाली की खालच्या भागात थेंब नीट झिरपतात, म्हणजे तपासणीत थोडा उपचारही होतो. बाजूची त्वचा काही तासांतच भरून यायला लागते. सगळं काम दहा मिनिटांचं.

त्या मुलीच्या नमुन्याच्या मी आधी दोन काचपट्ट्या केल्या. एकीवर ग्रॅमचा रंग, दुसरीवर पोटॅशचं द्रावण. उरलेला नमुना जंतू वाढवायच्या बशांवर इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या रेघा ओढून लावला. त्या आकाराला कारण आहे. दोन दिवसांनी बशीत काही उगवलं आणि ते त्या रेघेवरच उगवलं, तर ते डोळ्यातलं. रेघेबाहेर उगवलं तर हवेतून पडलेलं.

बशीचा निकाल यायला एक-दोन दिवस लागतात, पण काचपट्टी तासाभरात बोलते. ग्रॅमच्या रंगात जांभळे गोल ठिपके दिसले तर स्टॅफिलोकोकस किंवा न्यूमोकोकससारखे जंतू. बारीक गुलाबी काड्या दिसल्या तर स्यूडोमोनासचा दाट संशय. आणि पोटॅशच्या पट्टीवर फांद्या फुटलेले धागे दिसले, तर तो जंतू नव्हे, बुरशी. म्हणजे सगळे उपचारच बदलले.

आपल्याकडे खरवडणं टाळता येत नाही ते मुख्यतः या बुरशीमुळे. मदुराईत १९९४ साली तीन महिन्यांत आलेल्या ४३४ व्रणांची तपासणी केली होती. ज्यांच्यात काही उगवलं त्यांत ४७ टक्क्यांच्या आसपास जंतू निघाले आणि जवळजवळ तितक्यांतच बुरशी. दोन्ही व्रण पांढरेच दिसतात, दोन्हींत पूचा थर असू शकतो, आणि अनुभवी डोळाही फसतो. माझ्याकडे ऊसतोडीच्या हंगामात पाचटाने डोळा खरचटलेले लोक येतात. आठवडाभर जंतूंसाठीचे महागडे थेंब घालून झालेले असतात आणि पट्टीवर बुरशीचे धागे निघतात. त्यांचा तो आठवडा परत मिळत नाही. लेन्सच्या डोळ्यात बुरशीपेक्षा जंतूच जास्त, हे खरं. पण लेन्समध्ये अकँथामिबा नावाचा आणखी एक परजीवी सापडतो. नळाच्या पाण्यातून येतो, वेगळ्या बशीवर वाढवावा लागतो आणि त्याचे थेंबही वेगळे असतात.

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रत्येक ठिपका खरवडतातच असं नाही. बुबुळाच्या कडेला, एका मिलिमीटरपेक्षा लहान, वरवरचा ठिपका असेल तर आम्हीही आधी थेंब सुरू करून दुसऱ्या दिवशी पाहतो. पण ठिपका मध्यभागी असेल, २ मिलिमीटर किंवा मोठा असेल, गाभा विरघळताना दिसत असेल किंवा चालू थेंबांना दाद देत नसेल, तर खरवडल्याशिवाय पुढे जायचं नाही. तुमच्या बहिणीच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर बघूनच ठरवलं असणार.

आणि ‘आधी थेंब, मग खरवडणं’ असा उलटा क्रम का चालत नाही? दोन दिवसांचे थेंब वरवरचे जंतू मारतात, खोलवरचे राहतात. त्यानंतर नमुना घेतला की बऱ्याचदा बशीवर काहीच उगवत नाही. व्रण वाढतोय आणि रिपोर्ट कोरा, याच्याइतकी वाईट अवस्था नाही. तिने आधीच काही थेंब घातले आहेत, तर ती बाटली डॉक्टरांना दाखवा. नावावरून स्टेरॉइड आहे की नाही ते त्यांना लगेच कळेल. लेन्स फेकू नका आणि डबी धुऊ नका, आहे तशी द्रावणासकट घेऊन जा. त्या मुलीच्या डबीतही तोच जंतू उगवला होता.

आता थेंबांचं.

रक्तवाहिन्या नसल्यामुळे पोटातल्या गोळीतून किंवा दंडावरच्या इंजेक्शनमधून औषध कॉर्नियापर्यंत पुरेसं पोचत नाही. वरून घातलेला थेंबच पोचतो. पण पापणीआड जेमतेम अर्धा थेंब मावतो. बाकीचा गालावर ओघळतो किंवा नाकाच्या वाटेने घशात उतरतो, म्हणून तर थेंबानंतर घशात कडू लागतं. राहिलेलं औषधही पाच-दहा मिनिटांत अश्रूंनी धुऊन जातं. चार तासांनी एक थेंब घातला तर मधले जवळजवळ सगळे तास जंतूंना मोकळे मिळतात. म्हणून सुरुवातीला अर्धा तास दर पाच मिनिटांनी थेंब घालून कॉर्नियात औषधाचा साठा करायचा, आणि मग दर तासाला घालून तो टिकवायचा. पहिले ४८ तास रात्रीसुद्धा, जंतू रात्री थांबत नाहीत म्हणून.

नेहमीच्या बाटलीतलं काही औषध यासाठी पातळ पडतं, म्हणून मोठ्या व्रणात इंजेक्शनच्या पावडरपासून किंवा द्रावणापासून दाट थेंब बनवतात. उदाहरण देते. टोब्रामायसिनच्या ५ मिलिलिटरच्या बाटलीत दर मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे एकूण १५. त्यात ८० मिलिग्रॅमचं २ मिलिलिटर इंजेक्शन घातलं की ७ मिलिलिटरमध्ये ९५ होतं, दर मिलिलिटरला साडेतेराच्या आसपास. म्हणजे साडेचार पट दाट. हे निर्जंतुक जागीच बनवायचं काम आहे, घरी नाही. असे थेंब डोळ्याला झोंबतात आणि फार दिवस टिकत नाहीत, म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि बाटलीवर लिहिलेल्या तारखेला टाकून द्यायचे. हॉस्टेलमध्ये फ्रिज नसेल तर आजच सोय बघा. लहान व्रणाला नेहमीचं मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखं औषध एकट्यानेही पुरतं. काय द्यायचं ते पट्टी पाहून डॉक्टर ठरवतील.

त्या मुलीच्या पट्टीवर चाळीस मिनिटांत बारीक गुलाबी काड्या दिसल्या. तिला दाट टोब्रामायसिन आणि सेफ्टाझिडीम असे दोन थेंब, आलटून पालटून, दर अर्ध्या तासाला एक, म्हणजे प्रत्येक औषध तासाला एकदा. जोडीला बाहुली मोठी करणारा थेंब दिवसातून तीनदा. त्याने आतल्या स्नायूचा पेटका सुटतो, ठणका कमी होतो आणि बाहुली आत चिकटत नाही. तिला दाखल करून घेतलं, कारण घरी रात्री दोन वाजता थेंब घालायला कुणी उठतं, चार वाजता उठवत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्रण थोडा मोठाच दिसला. वडील हबकले. स्यूडोमोनासमध्ये योग्य औषध चालू असतानाही पहिल्या दिवसभरात असं होतं, कारण मरणाऱ्या जंतूंची आणि पांढऱ्या पेशींची द्रव्यं अजून काम करत असतात. तेवढ्यावरून औषध बदलायचं नसतं. मी ठिपक्याची लांबी-रुंदी रोज मोजून कागदावर चित्र काढत होते. ४८ तासांनी बशीवरच्या रेघांवर हिरवट वाढ आली, स्यूडोमोनासच, आणि दोन्ही औषधांना दाद देणारा. त्याच दिवशी व्रणाची धुरकट कड रेखीव दिसायला लागली, पूचा थर अर्ध्यावर आला, आणि मुलीने मला आपणहून सांगितलं की काल रात्री तिला थेंबांच्या मधल्या वेळात झोप लागली.

तुम्हीही हीच चिन्हं बघा. दुखणं आणि पापणीची सूज कमी होणं, पू कमी होणं, ठिपका वाढायचा थांबणं. दिसायला लगेच सुधारत नाही, त्यावरून घाबरू नका. अशी सुधारणा दिसल्यावर डॉक्टर थेंब दोन तासांवर, मग चार तासांवर आणतील. आपणहून कमी करू नका, आणि आपणहून तासाचे थेंब दहा दिवस चालूही ठेवू नका. दाट थेंबांचा मारा जास्त झाला तर त्वचा भरून यायचीच थांबते आणि व्रण बरा होत नाही असा भास होतो. ४८ ते ७२ तासांत काहीच फरक नसेल तर डॉक्टर पुन्हा खरवडतील. तेव्हा ‘परत कशाला’ म्हणू नका. पहिल्या वेळी न सापडलेली बुरशी किंवा अकँथामिबा दुसऱ्या वेळी सापडू शकतो.

स्टेरॉइडचं स्वतंत्र सांगते, कारण पुढे कधीतरी डॉक्टरच ते लिहून देतील आणि तुम्हाला वाटेल, आधी तर नको म्हणत होते. ५०० पेशंटवर केलेली एक मोठी चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यातले बहुतेक पेशंट दक्षिण भारतातले होते. त्यात जंतू कोणता ते बशीवर सिद्ध झाल्यावर आणि ४८ तास प्रतिजैविक घालून झाल्यावरच स्टेरॉइड सुरू केलं होतं. तरीही तीन महिन्यांनी एकूण नजरेत फरक निघाला नाही. म्हणजे ते काही निवडक डोळ्यांत, जंतू ओळखल्यावर, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं औषध आहे. मेडिकलमधून पहिल्या दिवशी आणलेल्या बाटलीतून डोळ्यात जायचं नाही.

त्या मुलीचा व्रण साडेतीन आठवड्यांत भरला. मधोमध फूल, म्हणजे पांढरा डाग, राहिलं. चष्म्याने ६/१८ दिसायचं, म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसतं ते तिला सहा मीटरवरून. सहा महिन्यांनी तिला कडक लेन्स बसवली, तेव्हा ६/९ पर्यंत आलं. पहिल्याच दिवशी आली असती तर फूल लहान राहिलं असतं, असं मला वाटतं. आणि आणखी एक दिवस उशिरा आली असती तर बुबुळ फुटलं असतं. २ मिलिमीटरपेक्षा लहान छिद्र असेल तर आम्ही खास गोंद लावून बुजवतो. त्याहून मोठं असेल तर नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया घाईने शिवावा लागतो, आणि पेटलेल्या डोळ्यात शिवलेला कॉर्निया बहुतेक वेळा पारदर्शक राहत नाही.

शेतात काम करणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी. तुमची वेळ या मुलीपेक्षा आधी सुरू होते. नेपाळमधल्या भक्तपूरला गावातल्या स्वयंसेवकांनी डोळा खरचटलेल्या लोकांना क्लोरॅम्फेनिकॉलचं १ टक्का मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावलं. खरचटल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांना ते सुरू झालं, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. ज्यांना उशीर झाला, त्यांच्यातल्या काहींना झाला. पण हे नुसतं खरचटलं असतानाचं आहे. पांढरा ठिपका आला की मलमाची वेळ गेलेली असते. डोळ्यात दूध, मध, एरंडेल काही घालू नका, घट्ट पट्टी बांधू नका. पट्टीखाली जंतूंना ऊब मिळते.

आज रात्रीसाठी इतकं करा. बहिणीला हॉस्टेलवर एकटी ठेवू नका, दाखल करत असतील तर करा, नाहीतर तुम्ही तिच्याजवळ जा. मोबाइलवर दर तासाचा गजर लावा आणि कागदावर वेळेपुढे खूण करत जा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं ठेवा, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. हात साबणाने धुऊन, खालची पापणी खाली ओढून, बाटलीचं टोक कुठेही न लावता एकच थेंब. मग डोळा हलका मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. उद्या सकाळी पुन्हा स्लिट लॅम्पवर दाखवायचंच, बरं वाटत असलं तरी. आणि अचानक डोळ्यातून गरम पाणी ओघळल्यासारखं वाटलं आणि दुखणं एकदम कमी झालं, तर बरं वाटलं असं समजू नका. बुबुळ फुटल्याचं ते लक्षण असू शकतं. डोळ्यावर दाब न देता त्याच क्षणी दवाखाना गाठा.